टीव्हीवर 'प्लेबॅक एरर' आला? राउटरला हात लावण्याआधी प्लॅन बघा

मंडळी, रविवारची संध्याकाळ. घरातले सगळे टीव्हीसमोर बसलेत. सिनेमा लावला, गोल चक्र फिरत राहिलं आणि पडद्यावर आलं, "Something went wrong. Please try again later." खाली बारीक अक्षरात एक आकडा. पुढे काय होतं ते सोलापुरातल्या घराघरात ठरलेलं आहे. आधी राउटर बंद-चालू, मग केबलवाल्याला फोन, मग ॲप काढून परत टाकायचं, आणि शेवटी कुणीतरी टीव्ही फॅक्टरी रिसेट मारतो. दोन तासांनी कळतं की नेट ठणठणीत होतं, टीव्ही ठणठणीत होता, फक्त सिनेमाच्या ॲपच्या प्लॅनचे या महिन्याचे पैसे कटले नव्हते.

माझं स्पष्ट मत आहे की यात बघणाऱ्याची काहीच चूक नाही. ॲप चालवणाऱ्या कंपनीला कारण माहीत असतं आणि तरी ॲप दुसरंच काहीतरी सांगतं.

हे कसं घडतं ते एका उदाहरणावरून बघू. समजा, अक्कलकोट रोडच्या बाजूचं एक घर आहे. कमावता मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, पगार आठवड्याला, दर शनिवारी. प्लॅन महिन्याला 199 रुपयांचा, यूपीआय ऑटोपेवर, म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप पैसे कापायची परवानगी दिलेली, तारीख 5. या महिन्यात 5 तारीख गुरुवारी आली आणि त्या दिवशी खात्यात होते 140 रुपये. पैसे कापण्याच्या निदान 24 तास आधी सूचना पाठवावी लागते, हा नियम आहे. तशी ती बुधवारी आलीही, पण लोन आणि ऑफरच्या मेसेजच्या ढिगाऱ्यात ती कोण वाचणार? गुरुवारी पैसे कापायचा प्रयत्न झाला आणि फसला.

आता इथे एक गोष्ट बारकाईने समजून घ्या. 1 ऑगस्ट 2025 पासून ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळा सोडूनच होते, म्हणजे सकाळी 10 च्या आधी, दुपारी 1 ते 5, किंवा रात्री साडेनऊनंतर. एका वसुलीसाठी एक प्रयत्न आणि फार तर तीन फेरप्रयत्न. आपल्या उदाहरणात हे चारही प्रयत्न शुक्रवारपर्यंत संपले असं धरा. शनिवारी पगार जमा झाला, पण आता पैसे ओढायला कुणी येणारच नाही. वर काही ॲप प्लॅन संपल्यावरही दोन-तीन दिवस सवलत देतात, त्यामुळे शनिवारपर्यंत मालिका सुरूच होत्या. सवलत संपली रविवारी. म्हणजे पैसे अडले गुरुवारी आणि सिनेमा अडला रविवारी. शिवाय रविवारी खात्यात पैसे आहेत, त्यामुळे घरातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल, "पैशाचा काही प्रश्न नाही, नेटचाच लोच्या आहे."

मग ॲप "प्लॅन संपला" असं सरळ का सांगत नाही?

सिनेमाची फाइल आणि तो उघडायची किल्ली या दोन वेगळ्या जागांवरून येतात. ॲप उघडलं की पोस्टर, याद्या, ट्रेलर हे सगळं दिसतं, कारण ते बहुतेक वेळा कुणालाही दाखवायला मोकळं असतं. सिनेमाचे तुकडे मात्र कुलूपबंद येतात. कुलूप उघडायला ॲपमधला प्लेयर लायसन्स सर्व्हरकडे किल्ली मागतो. तो सर्व्हर खात्याचा हक्क तपासतो, प्लॅन संपलेला दिसला की नकार देतो. त्या नकारामागचं कारण प्लेयरला बहुधा कळतच नाही. त्याच्या दृष्टीने फक्त किल्ली आली नाही. अँड्रॉइडच्या पुष्कळ ॲपमध्ये जो प्लेयर वापरतात, त्याच्याकडे यासाठी वेगवेगळे क्रमांक तयार आहेत:

```
2001  ERROR_CODE_IO_NETWORK_CONNECTION_FAILED
2004  ERROR_CODE_IO_BAD_HTTP_STATUS
6004  ERROR_CODE_DRM_LICENSE_ACQUISITION_FAILED
```

पहिला म्हणजे नेटच लागलं नाही. दुसरा म्हणजे नेट लागलं, सर्व्हरपर्यंत पोचलो, पण त्याने नकाराचं उत्तर दिलं. तिसरा म्हणजे किल्ली मिळाली नाही. प्लॅन संपल्यावर बहुधा दुसरा किंवा तिसरा येतो. आणि ॲप बनवणारे या तिन्हींवर एकच पाटी लावून मोकळे होतात, "काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा." काही ठिकाणी तर त्यावर "तुमचं इंटरनेट तपासा" असंही जोडलेलं असतं. मला राग येतो तो या जोडणीचा. जो सर्व्हर नकार देतोय तिथपर्यंत नेटनेच तर पोचवलंय ना!

आता खरं कारण पाच मिनिटांत कसं ओळखायचं ते सांगतो. त्याच ॲपमध्ये फुकट बघता येणारं काहीतरी लावा, एखादा ट्रेलर किंवा मोफत पहिला भाग. तो चालला आणि पैशांचा सिनेमा अडला, तर संशय प्लॅनवर घ्या. मग त्याच टीव्हीवर दुसरं एखादं ॲप लावा. तेही नीट चाललं तर राउटर आणि केबलवाला दोघेही सुटले. खऱ्या नेटच्या त्रासाची लक्षणं निराळी असतात: चित्र पुसट होतं, थांबत थांबत चालतं, पोस्टरसुद्धा रिकामे चौकोन होऊन राहतात. सगळीच ॲप एकदम बंद पडली असतील तर टीव्हीचं घड्याळ बघा. वीज जाऊन आल्यावर काही टीव्हींची तारीख चुकते, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही.

फोनवर चालतंय म्हणून प्लॅन आहेच, असं मात्र धरू नका. फोनमध्ये आधी मिळालेली किल्ली अजून शिल्लक असू शकते. किंवा तुमचा प्लॅन फक्त मोबाइलपुरता असेल. किंवा, आणि हे फार घरांत सापडतं, फोन एका नंबरावर लॉगिन आहे आणि टीव्ही दुसऱ्याच. म्हणून टीव्हीवरच सेटिंगमध्ये जाऊन "My Account" किंवा "Subscription" उघडा आणि तिथला नंबर किंवा ईमेल वाचा, प्लॅनची शेवटची तारीख वाचा. रिचार्जसोबत फुकट मिळालेला प्लॅन असेल तर तो ज्या मोबाइल नंबरावर मिळाला त्याच नंबराने लॉगिन असायला हवं, आणि रिचार्जची मुदत संपली की बहुधा तोही संपतो. भाऊने रिचार्ज केलं, टीव्हीत ताईचा नंबर, मग पैसे भरूनही अडणारच.

पुढे यूपीआय ॲप उघडा आणि ऑटोपेचा भाग शोधा. इथे भलेभले फसतात. तिथे "Active" दिसलं की लोक म्हणतात, झालं, पैसे गेले. तसं नाही. "Active" म्हणजे परवानगी जिवंत आहे, एवढंच. एक वसुली फसली म्हणून परवानगी आपोआप रद्द होत नाही. बघायचं असतं त्या परवानगीखालचा इतिहास: या महिन्याची रक्कम यशस्वी आहे का, आणि बँकेच्या पासबुकात ती उतरली आहे का. तिथेच परवानगीची कमाल रक्कमही लिहिलेली असते. ती 199 ठेवलेली असेल आणि प्लॅन 249 झाला असेल, तर खात्यात लाख असले तरी पैसे कटणार नाहीत, नवी परवानगी द्यावी लागेल. ऑटोपे कार्डावर असेल आणि बँकेने नवं कार्ड दिलं असेल, तर तिथेही बहुधा नव्याने नोंदवावं लागतं. प्लॅन प्ले स्टोअरमधून घेतला असेल तर हे सगळं प्ले स्टोअरच्या "Payments & subscriptions" मध्ये दिसेल.

पैसे कटलेच नाहीत हे पक्कं झालं की फोनवरून, टीव्हीतल्याच नंबराने लॉगिन करून, प्लॅन भरा. रक्कम कटली पण ॲपमध्ये प्लॅन दिसत नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी यूपीआय ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती बघा. दुकानदार किंवा कंपनीपर्यंत खात्री न पोचलेली यूपीआय रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत यायला हवी, आणि त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, तक्रारीला तोच लागतो.

प्लॅन भरल्यावरही टीव्हीवर तोच एरर राहिला तर घाबरू नका. टीव्हीतल्या ॲपने जुनी ओळख धरून ठेवलेली असते. ॲपमधून साइन आउट करा, ॲप पूर्ण बंद करा, परत लॉगिन करा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. फोनवर मात्र उगाच "Clear data" दाबू नका, उतरवून ठेवलेले सगळे सिनेमे जातील. फॅक्टरी रिसेटची तर गरजच नाही, कारण अडचण टीव्हीत नाहीच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पडद्यावरचा एरर क्रमांक गुगलवर टाकून वर येईल त्या "कस्टमर केअर" नंबराला फोन करू नका. ठगांचे नंबर नेमके अशाच शोधात पेरलेले असतात. पलीकडचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगेल, "रिफंड देतो" म्हणून यूपीआय पिन टाकायला लावेल. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. मदतीचा नंबर फक्त ॲपच्या आतल्या "Help" मधून घ्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन. कंपनी तक्रार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

साखर पेठेतल्या सत्तरीच्या आजोबांना "DRM" आणि "HTTP" शी काय देणंघेणं? त्यांना वाटतं आपल्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं, आणि ते रिमोट बाजूला ठेवून देतात. सर्व्हर नकार देतो तेव्हा सोबत कारणाचा एक शब्द पाठवणं आणि ॲपने तो वाचून दाखवणं, हे काम अवघड नाही. पडद्यावर मराठीत एवढंच हवं: "5 तारखेला 199 रुपये कटले नाहीत, म्हणून प्लॅन बंद आहे. 98 ने संपणाऱ्या मोबाइल नंबरावरून भरा." नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसले तरी कुणाच्या खात्यावर भरायचं हा घरातला गोंधळ मिटतो. प्रत्येक ॲपच्या फीडबॅकमध्ये ही मागणी याच शब्दांत लिहा, सोबत एररचा फोटो आणि पैसे न कटल्याची तारीख जोडा.