आपल्या स्तरावर प्रलंबित

काल रात्री मी गाईडसरांना सात ओळींचा मेल पाठवला. त्या सात ओळींना अडीच तास लागले आणि त्यातले दोन तास मामाने खाल्ले.

भानगड अशी. एमएच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण 14 मार्चला द्यायचं होतं. घरकाम करणाऱ्या 120 बायकांना मी विचारलं होतं, 'आपले उत्पन्न किती?' महिन्याचं की वर्षाचं, हे प्रश्नावलीत छापायला विसरले. बऱ्याच जणींनी महिन्याचं सांगितलं, काहींनी उत्पन्नाच्या दाखल्यावरचा वर्षाचा आकडा सांगितला, आणि मी दोन्ही निमूट उतरवून घेतले. कोष्टक मांडताना एकीचे 8,000 आणि तिच्याच गल्लीतल्या, तेवढीच घरं करणाऱ्या दुसरीचे 96,000 दिसले, तेव्हा कुठे 'बारा आठे शहाण्णव' आठवलं. आता 31 जणींना परत फोन. त्यातल्या नऊ राहिल्यात, आणि त्या फोन उचलतात दुपारी दोन ते तीनमध्येच.

मी लिहिलं होतं, 'सर, काही अडचणींमुळे थोडी मुदत वाढवून मिळेल का?' मामा मागे उभा राहून वाचत होता. मामा तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालाय. निवृत्त फक्त कागदोपत्री.

"काही अडचणी म्हणजे काय? आणि थोडी म्हणजे किती? असा अर्ज आमच्याकडे आला असता तर त्रुटी काढून परत गेला असता."

"मामा, हा अर्ज नाहीये, मेल आहे."

"काही मागितलं की तो अर्ज. आज तारीख काय? बारा. म्हणजे वेळेत आहेस. चौदाच्या पुढे गेलीस की मुदतवाढ नाही, कार्योत्तर मंजुरी लागते."

त्याने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि सांगायला सुरुवात केली. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' जावक क्रमांक हवाच, म्हणे. नाही म्हटल्यावर एवढा हिरमुसला की मी गुपचूप 1 टाकला आणि त्याची पाठ वळताच खोडला. ताप आला असं लिहू का, असं विचारलं तर म्हणाला, "वैद्यकीय प्रमाणपत्र जोडणार आहेस का? मग ताप काढू नकोस."

पण रागारागाने का होईना, मान्य करायला हवं: माणसाला काम कळतं. त्याने मला बोटं मोजायला लावली. नऊ फोनना तीन दिवस, कोष्टकं परत करायला दोन, लिहायला पाच. म्हणून 24 मार्च. विषयाच्या ओळीतच 'प्रकरण 3 : 14 ऐवजी 24 मार्चपर्यंत मुदत मिळण्याबाबत' आणि पुढे माझं नाव, कारण सर मेल मोबाइलवर बघतात आणि त्यांच्याकडे आम्ही अकरा जण आहोत. चूक माझी, असं एका वाक्यात कबूल. उत्पन्नाचा भाग सोडून तयार असलेली 14 पानं सोबत जोडलेली, म्हणजे हातावर हात ठेवून बसलेली नाही हे दिसावं. चौथ्या प्रकरणाची तारीख आहे तीच राहील, हेही.

मग मामाने विचारलं, "दुसरं प्रकरण मंजूर झालं?"

इथे माझी दुखरी नस होती. दुसरं प्रकरण मी 16 फेब्रुवारीला पाठवलंय. 24 दिवस झाले, त्यावर एक स्वल्पविरामसुद्धा परत आलेला नाही. मला दहा दिवस हवेत तर मी सात ओळींत नाक घासायचं. त्यांना चोवीस दिवस लागले तर त्यांनी कुणाला मेल करायचा?

मामाचे डोळे चमकले. "लिही. 'प्रकरण दोन दिनांक 16 फेब्रुवारीपासून आपल्या स्तरावर प्रलंबित आहे.'"

मी असलं काही लिहिणार नाही म्हटलं. तो म्हणाला, यात अपमान कुठेय, उभ्या जिल्ह्यात सगळं कुठल्या ना कुठल्या स्तरावर प्रलंबितच असतं. वीस मिनिटं वाद झाला. मामी उठून आली, पाणी प्यायली, आमच्याकडे बघून परत झोपायला गेली. शेवटी मी लिहिलं, 'दुसऱ्या प्रकरणावरील आपल्या सूचना मिळाल्यास त्याही याच काळात पूर्ण करेन.' मामाच्या मते हे मिळमिळीत होतं. मलाही तसंच वाटतं, पण मार्क सर देणार आहेत.

आज सकाळी 7:10 ला उत्तर आलं. 'Ok'. पूर्णविरामही नाही. सात ओळी, नऊ बायका, बारा आठे शहाण्णव, सगळ्याला दोन अक्षरं. चार मिनिटांनी आणखी एक मेल: 'दुसरं प्रकरण कधी पाठवलंस? मला मिळालेलं नाही.'

मी सेंटमध्ये जाऊन बघितलं. 16 फेब्रुवारी, रात्री 11:42, फाईल जोडलेली, पत्ता बरोबर. तोच मेल पुन्हा पाठवला. त्यावर अंगठा आला.

मामा चहा घेत होता. सगळं ऐकून त्याने बशी खाली ठेवली.

"पोच घेतली होतीस का?"