सप्लिमेंट जेवणाच्या तोंडावर नको

"आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, सप्लिमेंट प्यायली की जेवतच नाही, बंद करू का?"

लगेच बंद नका करू, वेळ बदला. मी डाएटिशियन आहे, जेवणाआधी दिलं की भूक मरतेच, म्हणून सकाळी ११ला आणि झोपताना द्या, मिळून ४०० ते ६०० कॅलरी जायला हव्यात. अख्खा ग्लास जात नसेल तर मिलीला २ कॅलरीवालं दाट सप्लिमेंट ६० मिली चारदा, गोळ्यांसोबत चालतं, पण थायरॉइडची आणि हाडांची गोळी साध्या पाण्यानेच हं. आठवड्याने ग्लासात उरतं किती ते स्वतः बघा, गोड नकोसं झालं असेल तर थंड करून किंवा फ्लेवर बदलून. वजन महिनाभर टिकलं, ताट संपायला लागलं की एक वेळ कमी करा, दोन आठवड्यांनी वजन तेवढंच असलं तर मग बंद.