रिटेन्शन ग्राफमधला उंचवटा: खुलासा

‘ग्राफ जिथे वर उसळतो, तो भाग लोकांना सर्वांत आवडला. पुढच्या व्हिडिओत तेच वाढवा.’

हे अर्धसत्य आहे. यूट्यूबचा रिटेन्शन ग्राफ व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती प्रेक्षक पाहत होते ते दाखवतो. त्यातला उंचवटा एवढंच सांगतो की तो तुकडा पुन्हा पाहिला गेला किंवा लोक थेट तिथे आले. कारण व्हिडिओतच शोधावं लागतं.

समजा, एक्सेलच्या धड्यात ४:१० ला उंचवटा आहे. मोबाइलवर स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की व्हिडिओ सहसा १० सेकंद मागे जातो, म्हणून अडचणीची जागा उंचवट्याच्या सुरुवातीला नसून थोडी पुढे असते. ४:२० पाहा. तिथे हे सूत्र जेमतेम दोन सेकंद दिसत असेल, तर लोक ते उतरवून घ्यायला मागे येत आहेत:

```
=VLOOKUP(A2,Sheet2!A:C,3,FALSE)
```

सूत्र आठेक सेकंद ठेवा, अक्षरं मोठी करा. सूत्र नीट दिसत असेल आणि उंचवट्यानंतर लगेच घसरण असेल, तर `3` म्हणजे तिसरा स्तंभ, हे समजावणंच राहिलं असावं. प्रतिक्रियांतले प्रश्न ताडून पाहा. घसरण नसेल, तर तो भाग खरोखर कामाचा असण्याची शक्यता जास्त.

उंचवटा नेमका चॅप्टरच्या पहिल्या सेकंदाला सुरू होतो का, हे मात्र आधी तपासा. तसं असेल तर लोक चॅप्टर निवडून थेट तिथे आले असावेत, गोंधळ नाही. लोकांना तेवढंच हवं होतं.