बीप ऐकू येते, शब्द का नाही?

"ऑडिओग्राम नॉर्मल आला, तरी लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं कळत नाही. असं कसं?"

ऑडिओग्राम शांत खोलीत एकेक बीप ऐकवून काढतात. गोंगाटातून शब्द वेगळे काढायची परीक्षा त्यात नसतेच. ते काम मुख्यतः मेंदूचं. तिथे गडबड असली की आवाज पोहोचतो, पण 'पाणी' की 'गाणी' हे ठरत नाही. ऑडिओलॉजिस्टकडे 'स्पीच इन नॉइज' चाचणी मागा, आणि ती मराठी शब्दांवर होते का तेही विचारा. परक्या भाषेत निकाल फसवा येतो. लक्ष टिकत नसेल तरी असंच होतं, त्यामुळे लगेच मेंदूतल्या गडबडीचा शिक्का नको.

तोवर बोलणाऱ्यापासूनचं अंतर २ मीटरवरून १ मीटरवर आणा. त्याचा आवाज जास्तीत जास्त ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट मात्र तेवढाच राहतो. आणि डीजेच्या स्पीकरपासून लांबची खुर्ची धरा.