मार्चच्या पे-स्टबवरचा YTD म्हणजे आपलं आर्थिक वर्ष नव्हे

“अमेरिकेतला पगार आयटीआरमध्ये दाखवायचा तर मार्चच्या शेवटच्या पे-स्टबवरचा YTD घ्या, त्या दिवसाच्या डॉलरच्या भावाने गुणा. खाली Taxes YTD असतो, त्याचं पूर्ण क्रेडिट मिळतं.” हा सल्ला चुकीचा आहे.

एक जण 10 ऑक्टोबर 2024 ला नोकरीसाठी टेक्सासला गेला असं धरा. एप्रिल ते सप्टेंबरचेच 183 दिवस भरतात, म्हणजे तो 2024-25 साठी भारताचा रहिवासीच आणि तिकडचा पगार इथे करपात्र. (अनिवासी असता तर अमेरिकेत काम करून तिथेच घेतलेल्या पगाराचा इथे प्रश्नच नव्हता.)

पे-स्टब म्हणजे अमेरिकेतली पगाराची स्लिप आणि YTD म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज; ती 1 जानेवारीला शून्यावर येते. महिन्याला 8,000 डॉलर आणि ऑक्टोबरचे अर्धवट 4,800 धरले, तर डिसेंबरच्या स्टबवर 20,800 दिसतात आणि मार्चच्या स्टबवर फक्त 24,000. भारतात दाखवायचे 44,800. नुसता मार्चचा आकडा उचलला की जवळपास निम्मा पगार गायब.

बरं, 44,800 ला एका भावाने गुणूनही चालत नाही. नियम 115 प्रमाणे पगार ज्या महिन्यात देय झाला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट लागतो: ऑक्टोबरच्या पगाराला 30 सप्टेंबरचा, मार्चच्या पगाराला 28 फेब्रुवारीचा. गूगलवरचा भाव नाही. म्हणून सहाही स्टब समोर घेऊन Current, म्हणजे त्या-त्या पगाराच्या रकान्यातले आकडे महिनावार रुपयांत आणा. YTD फक्त ताळ्यासाठी: सहा Current ची बेरीज 20,800 अधिक 24,000 शी जुळली नाही, तर एखादा बोनस किंवा दुरुस्तीचा स्टब राहिलाय. आकडा Gross चा, म्हणजे कपातीआधीचा घ्या; 401(k) ही निवृत्तीसाठीची बचत वजा करून आलेला Taxable Wages नको, कारण ती वजावट भारतात नाही.

आता कर. Taxes च्या बेरजेत Federal Withholding, म्हणजे पगारातून कापलेला अमेरिकन केंद्रीय आयकर, आणि त्यासोबत OASDI (6.2 टक्के) आणि Medicare (1.45 टक्के) असतात. ही सामाजिक सुरक्षेची वर्गणी. भारत-अमेरिका करारातून ती स्पष्टपणे वगळली आहे. 44,800 वर तीच सुमारे 3,427 डॉलर होते, तिचं क्रेडिट मागू नका. मागायचं ते Federal Withholding चं, तेही कपातीच्या महिन्याआधीच्या महिनाअखेरच्या भावाने, आणि त्या उत्पन्नावरच्या भारतीय कराच्या मर्यादेतच. शिवाय कापलेला कर अंतिम नसतो. 2024 च्या अमेरिकन रिटर्नमध्ये रिफंड आला असेल, तर तेवढं क्रेडिट कमी करा.

2024-25 साठी क्रेडिट मागण्याच्या फॉर्म 67 ची मुदत 31 मार्च 2026, आणि जानेवारी ते मार्च 2025 च्या कराचा अमेरिकन हिशेब तेव्हा बहुधा झालेलाच नसतो. त्या तीन महिन्यांच्या कपातीचा पुरावा म्हणून हेच स्टब लागतात. नोकरी सोडली की पेरोल पोर्टलचं लॉगिन बंद पडू शकतं, तेव्हा पीडीएफ आत्ताच उतरवून ठेवा.