ऑफिसच्या मंडळींना, आमच्या दरफाळणीच्या सणाविषयी

परवा डब्याच्या वेळी कुणीतरी विचारलं, "सोमवारी २१ तारखेला रजा कशाची?" मी "योम किप्पूर" म्हटलं. "म्हणजे तुमचा उपास ना? मग साबुदाणा चालतो का?" प्रश्न प्रेमाने विचारला होता आणि उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. आमची माणसं शेकडो वर्षं कोकणात राहिली. गावागावांत तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हे हिब्रू नाव माझ्या पणजीच्या तोंडी क्वचितच असायचं. ती म्हणायची दरफाळणीचा सण, म्हणजे दारं बंद करण्याचा सण. त्या दिवशी घराचं दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कुणाशी व्यवहार करायचा नाही, शिवाशिवसुद्धा टाळायची. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दार उघडायचं, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. मला हे जुनं नाव फार आवडतं, कारण त्या दिवशी नेमकं काय होतं ते या एका शब्दात आलंय.

तर साबुदाणा नाही. पाणीही नाही. आणि दिवस सकाळी सुरू होत नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात ठेवा. आमचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. कॅलेंडरवर २१ सप्टेंबर छापलं असलं तरी उपास रविवारी २० तारखेला सूर्य मावळण्याआधी, म्हणजे मुंबईत साडेसहाच्या सुमाराला सुरू होतो आणि सोमवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चालतो. साधारण पंचवीस तास.

तिथीचं गणित तुम्हाला पटकन कळेल. आमचा महिना चांद्र, योम किप्पूर म्हणजे तिश्री महिन्याची दहावी तिथी. आपल्या अधिक मासासारखा आमच्याकडेही एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना घालतात. त्यामुळे हा दिवस बहुतेक वेळा भाद्रपदातल्या दशमीच्या आसपास नाहीतर आश्विनातल्या दशमीच्या आसपास येतो. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये तो थेट दसऱ्यालाच आला आणि ऑफिसला सुट्टी असल्याने तुमच्यापैकी कुणाला कळलंसुद्धा नाही. यंदा तो गणपतीच्या दिवसांत आलाय आणि वार आहे कामाचा.

काय टाळतो ते सांगते. जुन्या धर्मग्रंथांत पाच गोष्टी सांगितल्यात. खाणंपिणं नाही. आंघोळ नाही. अंगाला तेल, क्रीम, अत्तर नाही. चामड्याचे जोडे नाहीत. नवराबायकोचा शरीरसंबंध नाही. यातली आंघोळ तुम्हाला सगळ्यात विचित्र वाटेल हे मला माहीत आहे, कारण आपल्या आजूबाजूला कुठलंही व्रत आंघोळीनेच सुरू होतं. आमच्याकडे ती आदल्या दुपारीच उरकायची. त्या दिवशी सकाळी फक्त बोटं धुवायची, तीही पेरांपर्यंत. मळलेला हात मात्र धुता येतो, कारण मनाई सुखासाठी धुण्याला आहे. चामड्याचंही तसंच. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांखाली रबरी चपला नाहीतर कॅनव्हासचे बूट दिसतात. शरीराचे लाड एक दिवस बाजूला ठेवायचे, इतका साधा विचार आहे.

त्याशिवाय शनिवारच्या शब्बाथला जी कामं बंद असतात ती सगळी बंद. लिहिणं, पैशाचा व्यवहार, विस्तव पेटवणं, गाडी चालवणं. आणि फोन. सगळे सारख्या काटेकोरपणे पाळत नाहीत. लांब राहणारे काही जण रिक्षाने सिनेगॉगला येतात, काही जण फक्त उपास करतात. म्हणून तुमच्या ओळखीचा दुसरा कुणी ज्यू माणूस त्या दिवशी फोन उचलत असेल, तर माझ्याकडून तीच अपेक्षा ठेवू नका. आणि माझ्यावरून त्याला जोखू नका. मी फोन बंद करून कपाटात ठेवते.

आता २०१८ ची गोष्ट सांगते. तेव्हा मी दुसरीकडे, परळला नोकरीला होते. योम किप्पूर बुधवारी १९ सप्टेंबरला होता, म्हणजे उपास मंगळवारी संध्याकाळी सुरू. बुधवारची रजा महिनाभर आधी मंजूर झाली होती. मंगळवारी चार वाजता टॅक्स ऑडिटची मीटिंग लागली. मी सांगितलं की मला साडेचारला निघायचंय. "रजा उद्याची आहे ना?" असं उत्तर आलं. मीटिंग पाच वीसला संपली. गर्दीच्या गाडीने ठाण्याला उतरून घरी पोहोचले तेव्हा सहा पंचवीस झाले होते. सूर्यास्त सहा सदतीसला. बारा मिनिटांत आंघोळ की जेवण, यात मी दोन घास भात आणि पेलाभर पाणी निवडलं.

आदल्या दिवशीचं ते जेवण आमच्याकडे उपासाचाच भाग आहे. नीट जेवणं हेही धर्माने सांगितलंय. आई त्या दिवशी नारळाच्या दुधातली कोंबडी आणि भात करते, मीठ-तिखट कमी, म्हणजे रात्री तहान लागत नाही. दुपारपासून थोडं थोडं पाणी पीत राहायचं. मी आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणते, कारण उपासाच्या दिवशी दुपारी कपाळ ठणकतं त्यात भुकेइतकाच वाटा सुटलेल्या चहाचा असतो. त्या वर्षी यातलं काहीच नीट झालं नाही. दुपारच्या प्रार्थनेत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाकीचा वेळ मी मागच्या बाकावर भिंतीला टेकून काढला. रात्री फोन चालू केला तर चौदा मिस्ड कॉल. एका फाइलचा पासवर्ड हवा होता.

त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, आणि मीही पासवर्ड कुणाकडे देऊन गेले नव्हते. म्हणून आता सांगतेय. आदला दिवस कामाचा असेल त्या वर्षी मला तीन वाजता निघू द्या. यंदा तो रविवार आहे, त्यामुळे एवढंच करा की दुपारनंतर कामाचा फोन नको. माझ्या फाइली शुक्रवारी कुणाकडे द्यायच्या ते आत्ताच ठरवूया. सोमवारी मेल पाठवा, खुशाल पाठवा, तो तिथे पडून राहील, फक्त "पाहिलं का?" असा दुसरा पाठवू नका. आणि मंगळवारी सकाळी नऊची मीटिंग शक्य असेल तर अकराला घ्या. पंचवीस तासांनंतर अंग लगेच ताळ्यावर येत नाही.

दिवसभर काय करता, असंही एकीने विचारलं होतं. प्रार्थना. एरवी दिवसात तीन असतात, त्या दिवशी पाच. रविवारी रात्री कोल निद्रेने सुरुवात, दुपारी योना संदेष्ट्याची गोष्ट वाचतात, शेवटची प्रार्थना नेईला, म्हणजे दार मिटण्याची. ती बहुतेक उभ्यानेच होते. मग शोफार, मेंढ्याचं शिंग, एकच लांब फुंकलेला स्वर. तो ऐकला की उपास संपला. मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणतो आणि घरी येऊन रवा-नारळ भरलेल्या पुऱ्या खातो. तुम्ही त्यांना करंज्या म्हणाल. मंगळवारी डबाभर आणेन.

काही जण दुसऱ्या ठिकाणी त्या दिवशी कामावरही जातात, कारण रजा मिळत नाही. तशा माणसासमोर तुम्ही चोरून खाण्याची गरज नाही. तुम्ही खाताय याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो "एक घोट पाणी तरी घे, काही होत नाही" या आग्रहाचा. आणि कुणी ज्यू सहकारी त्या दिवशी खाताना दिसला, तर "तुझा उपास ना आज?" असं चारचौघांत विचारू नका. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, इन्शुलिन घेतात. डॉक्टरांनी उपासाला मनाई केली आहे, आणि जिवाला धोका असेल तर खाणं हाच आमचा धर्मनियम आहे, ती सवलत नव्हे. काही आजाऱ्यांना अगदी थोडं थोडं, एका वेळी साधारण तीस मिलिलीटरपेक्षा कमी, मध्ये नऊ-दहा मिनिटं थांबून खायला सांगतात, कुणाला नेहमीसारखं. ते ठरवणार डॉक्टर आणि रब्बी. बाळंतीण पहिले तीन दिवस उपास करतच नाही. माणूस का खातोय ही त्याची खाजगी गोष्ट असते.

शुभेच्छा द्यायच्या तर "उपास सोपा जावो" म्हणा. त्याला हिब्रूत "त्सोम काल" म्हणतात. "हॅपी योम किप्पूर" म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही. तो सुतकाचा दिवसही नाही. पण गंभीर आहे आणि तुमचं वाक्य त्याला शोभेल असं असावं, एवढंच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहिलं ती सांगते. मिश्ना या आमच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट नियम आहे: माणसाने देवाचा अपराध केला असेल तर योम किप्पूर त्याचं प्रायश्चित्त करतो, माणसाने माणसाचा अपराध केला असेल तर करत नाही, जोवर तो त्या माणसाची समजूत घालत नाही. म्हणजे तुमच्याशी मी वाईट वागले असेन, तर पंचवीस तास उपाशी राहून आणि पाच प्रार्थना करूनही ते पुसलं जात नाही. आधी तुमच्याकडे यावं लागतं. नवं वर्ष आणि योम किप्पूर धरून जे दहा दिवस असतात, ते मुख्यतः याच कामाचे. समोरच्याने ऐकलं नाही तर तीन वेळा जायचं.

म्हणून या दिवसांत मी तुमच्यापैकी कुणाच्या टेबलाशी येऊन "माझं चुकलं" म्हणाले, तर कृपा करून "अगं सोड गं, काय तू पण" असं म्हणून उडवून लावू नका. तुम्ही ते आपुलकीने म्हणता हे मला कळतं. पण दोन मिनिटं ऐका. खरंच लागलं असेल तर तसं सांगा, आणि माफ करता येत नसेल तर तेही सांगा. "ठीक आहे, माफ केलं" एवढे शब्द मला लागतात. तुम्ही माझा उपास करत नाही, पण त्याचा एवढा भाग तुमच्या हातात आहे.

एका मैत्रिणीला मात्र इथेच निरोप देते, नाव न घेता. जूनमध्ये तुझ्या हिशेबातल्या चुकीचा मेल मी सगळ्यांना कॉपी करून पाठवला. आधी तुला एकटीला विचारायला हवं होतं. शुक्रवारी, १८ तारखेला दुपारी, डबे झाले की मी तुझ्याकडे येतेय.