पाच पानांत आमदार पाडण्याची कला

निवडणूक याचिकेचा प्रश्न पेपरात आला की पहिलं पथ्य पाळा: प्रश्न पूर्ण वाचू नका. 'टँकर' हा शब्द दिसला की टोपण काढा आणि 'लोकशाही हा आपल्या राज्यघटनेचा आत्मा आहे' इथून सुरुवात करा. आत्म्याला दीड पान सहज पुरतं. तपासणारा माझ्यासारखा असला तर तेवढ्यात त्याचा चहा येतो.

वाचलाच प्रश्न, तर तो साधारण असा असतो. मराठवाड्यातला एक विधानसभा मतदारसंघ, उमेदवार 'अ' आणि 'ब'. आपण त्यांना अण्णा आणि बापू म्हणू, कारण आपल्याकडं 'अ' नावाचा माणूस निवडून येत नाही. गुढीपाडव्याला अण्णांनी साड्या वाटल्या. ४ एप्रिलला अर्ज भरला. १८ एप्रिलला अण्णांच्या पुतण्यानं तीन गावांत पाण्याचे टँकर पाठवले आणि प्रत्येक घरी चिन्ह छापलेलं टोकन दिलं. टोकन दाखवा, दोन ड्रम भरा. ३० एप्रिलला मतदान, ३ मे रोजी निकाल, अण्णा ४१२ मतांनी विजयी. १७ जूनला बापूंनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका टाकली: अण्णांची निवड रद्द करा, त्यांना अपात्र ठरवा आणि मला विजयी घोषित करा. शिवाय याचिकेत एक ओळ अशी, की तिसरे उमेदवार तात्या यांनी अण्णांकडून दोन लाख घेऊन अर्ज मागं घेतला. याचिकेत लढलेले सगळे उमेदवार प्रतिवादी आहेत, तात्या नाहीत. पुतण्या अण्णांचा निवडणूक प्रतिनिधी नव्हता. निर्णय द्या. गुण सोळा.

आता तुम्ही काय करायचं? साड्यांवर तुटून पडायचं. रंग, काठ, किती वाटल्या, कुणाच्या हस्ते, सगळं लिहायचं. फक्त लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ७९(ब) उघडायचं नाही, कारण तिथं लिहिलंय की उमेदवार म्हणजे रीतसर नामनिर्देशन झालेला, किंवा तसं झाल्याचा दावा करणारा माणूस. पाडव्याला अण्णा या कायद्याच्या लेखी उमेदवार नव्हते, नुसते दानशूर होते. त्यामुळं कलम १२३ मधलं लाचेचं भ्रष्ट आचरण त्या साड्यांना लागू होत नाही. फौजदारी कायद्यातला लाचेचा गुन्हा आणि आचारसंहिता यांची गोष्ट वेगळी, पण त्यानं निवडणूक रद्द होत नाही. ही व्याख्या १९७५ पर्यंत अशी नव्हती. तेव्हा निवडणूक समोर दिसत असताना जो स्वतःला उमेदवार म्हणवू लागला, तो तेव्हापासून उमेदवार होता, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्याच वर्षी १२ जूनला इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली त्यात उमेदवारी सुरू झाल्याची तारीख फार महत्त्वाची ठरली. मग व्याख्या बदलली, तीही मागच्या तारखेपासून लागू होईल अशी. तुमचा सीनियर अजून जुन्या नोट्स देतो. त्याच वाचा, झेरॉक्सही स्वस्त पडते.

टँकरकडं या. इथं बहुतेक पोरं जे लिहितात तेच लिहा: 'तीन गावांत २,९०० मतं पडली, मताधिक्य फक्त ४१२, म्हणून निकालावर परिणाम झाला, म्हणून निवड रद्द.' वाचताना गणिताच्या तासाला बसल्यासारखं छान वाटतं. अडचण एवढीच, की कलम १०० मध्ये दोन वेगळी दारं आहेत आणि तुम्ही दोन्हींच्या मधल्या भिंतीवर डोकं आपटताय.

पहिलं दार १००(१)(ब). भ्रष्ट आचरण खुद्द विजयी उमेदवारानं केलं, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं केलं, किंवा या दोघांपैकी एकाच्या संमतीनं दुसऱ्या कुणी केलं, तर निवड रद्द. इथं मताधिक्य कुणी विचारत नाही. अण्णा चाळीस हजारांनी आले असते तरी एका गावातला संमतीचा एक टँकर पुरे.

दुसरं दार १००(१)(ड)(दोन). तेच काम अण्णांच्या फायद्यासाठी निवडणूक प्रतिनिधी सोडून दुसऱ्या एजंटानं केलं, पण अण्णांची त्याला संमती नव्हती. मग निकालावर खरोखर परिणाम झाला हे सिद्ध करावं लागतं, आणि ते अंदाजानं चालत नाही. सर्वोच्च न्यायालय हे १९५४ च्या वशिष्ठ नारायण शर्मा खटल्यापासून सांगतंय. २,९०० माणसांनी पाणी भरलं, हे खरं. पण त्यातल्या किती जणांनी त्या पाण्यापायी मत फिरवलं? बापूंना हे मतदार साक्षीला उभे करून दाखवावं लागेल. करा उभे. 'हो साहेब, पाणी घेतलं आन् मत त्येंनाच दिलं,' असं न्यायालयात कोण म्हणणार? पाणी पुढच्या उन्हाळ्यातही लागणार आहे.

म्हणजे सगळी लढाई संमतीवर. यावर तुम्ही लिहायचं, 'पुतण्यानं केलं म्हणजे काकाला माहीत असणारच.' आपल्याकडं हे कुणालाही पटतं, न्यायालयाला मात्र पटत नाही. मुंबईतल्याच एका निवडणुकीत, १९६७ ला, जॉर्ज फर्नांडिस जिंकले आणि त्यांच्यासाठी आचार्य अत्र्यांनी 'मराठा'त जे लिहिलं त्यावरून याचिका झाली. १९६९ च्या सामंत बालकृष्ण निकालात सर्वोच्च न्यायालयानं फरक स्पष्ट केला: एखादा माझा प्रचार करतो ही एक गोष्ट, आणि त्यानं केलेल्या त्या विशिष्ट भ्रष्ट कृत्याला माझी संमती होती ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप निघत नाही. वर पुराव्याची पातळी जवळजवळ फौजदारी खटल्याची. संशयाचा फायदा अण्णांना.

पण प्रश्न रचणारा मास्तर इतकाही साधा नाही. त्यानं एक ओळ टाकलेली असते आणि ती तुम्ही वगळायची असते. पहिल्या गावात अण्णा स्वतः हजर होते. टँकरच्या बंपरवर नारळ फुटला, पाणी शिंपडलं गेलं, पाईप ड्रममध्ये पडला आणि टोकन हातात धरलेल्या बायांकडं बघून अण्णा म्हणाले, "पाणी पुतण्यानं आणलंय. तीस तारखेला काय करायचं ते तुमाला सांगावं लागतंय व्हय?" एका पोरानं हे मोबाईलवर घेतलं. कृती, तारीख, गाव, हेतू आणि संमती, सगळं त्या बावीस सेकंदांत. दुसऱ्या-तिसऱ्या गावात अण्णा नव्हते, ते गेले तर जाऊ द्या. पहिलं दार उघडायला पहिलं गाव बास आहे.

बापूंच्या वकिलानं मात्र तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला आणि तसाच जोडला. तुम्हीही 'व्हिडिओवरून सिद्ध होते' लिहून मोकळे व्हा. याच बाबतीत जालन्याचं नाव देशभरच्या वकिलांच्या तोंडी आहे, हे विसरा. २०१४ च्या जालना विधानसभेत २९६ मतांनी निकाल लागला. नामनिर्देशन तीन वाजण्याच्या मुदतीनंतर स्वीकारलं का, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायची वेळ आली. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला सांगितलं, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत आणली तर पुराव्याच्या कायद्यातलं प्रमाणपत्र लागणारच. फोनचा मालक स्वतः साक्षीला आला आणि तोच फोन दाखवला, तर तो मूळ पुरावा, मग प्रमाणपत्राचं काम नाही. म्हणजे बावीस सेकंदांपेक्षा तो पोरगा महत्त्वाचा. तो आता पुण्याला कंपनीत आहे आणि फोन त्यानं बदललाय.

आता तारखा. निकाल ३ मे, याचिका १७ जून. बोटांवर मोजा, चुकवा आणि लिहा 'मुदतबाह्य'. ३ मे सोडून मोजलं तर मे महिन्याचे २८ आणि जूनचे १७, बरोब्बर पंचेचाळीस, आणि याचिकेची मुदतही तेवढ्याच दिवसांची. बापू वेळेत आहेत. एक दिवस उशीर असता तर विलंब माफीचा अर्जही चालला नसता, मुदत कायद्याचं कलम ५ इथं लागत नाही.

एवढं सगळं करून बापू हरतात. तात्यांमुळं.

अर्ज मागं घेण्यासाठी पैसे देणं जसं भ्रष्ट आचरण, तसं घेणंही. म्हणजे याचिकेतली ती एक ओळ तात्यांवरही आरोप आहे. कलम ८२(ब) म्हणतं, ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप आहे त्याला प्रतिवादी करा. तात्यांनी माघार घेतली तरी नामनिर्देशन झालं होतं, म्हणून या कलमापुरते ते उमेदवारच. ८२ पाळलं नाही तर कलम ८६ प्रमाणं उच्च न्यायालयानं याचिका फेटाळायचीच, तिथं न्यायाधीशांच्या मर्जीचा प्रश्न नाही. मुदत संपल्यावर तात्यांना जोडता येत नाही आणि ती ओळ खोडूनही सुटका नाही. टँकर, नारळ, पाईप, सगळं जागच्या जागी आणि खटला दारातच संपला. चांगला विद्यार्थी हे आधी लिहितो, मग 'याचिका टिकली असती असं गृहीत धरल्यास' म्हणून टँकरकडं वळतो. तुम्ही तसं करू नका, सोळापैकी तेरा मिळतील आणि वर्गात बोलणी खावी लागतील.

शेवटच्या पानावर ठोकून द्या: 'उच्च न्यायालयानं अण्णांना सहा वर्षं अपात्र ठरवावं आणि बापूंना आमदार करावं.' दोन्ही चूक, पण वाचायला न्याय झाल्यासारखं वाटतं. याचिका टिकून दोष सिद्ध झाला असता, तर न्यायालय निवड रद्द करतं आणि दोषींची नावं नोंदवतं. पुतण्यालाही नोटीस देऊन, उलटतपासणीची संधी देऊन त्याचं नाव येऊ शकतं. अपात्रता कलम ८अ खाली राष्ट्रपती ठरवतात, निवडणूक आयोगाचं मत घेऊन आणि त्या मताप्रमाणं. सहा वर्षं ही कमाल मर्यादा, दर वेळी सहाच असतात असं नाही. आणि बापू नुसते दुसरे आले म्हणून आमदार होत नाहीत. भ्रष्ट आचरणानं मिळालेली मतं वगळली तर आपलं बहुमत होतं, हे त्यांनी दाखवायचं, म्हणजे पुन्हा त्याच तीन गावांतल्या ड्रमांपाशी.

कायदा सांगतो, याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. जालन्याची निवडणूक २०१४ ची, खंडपीठाचा निकाल नोव्हेंबर २०१७ चा, सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा. त्या विधानसभेची मुदत २०१९ लाच संपली होती आणि पुढची निवडणूक होऊन गेली होती. या हिशोबानं आपल्या प्रश्नातल्या अण्णांनी निश्चिंत राहायला हरकत नाही, पण ते राहत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांच्या गावाकडून येणारा एक विद्यार्थी मला सांगत होता, "सर, औंदा झेडपीला पुतण्याच्या मंडळींचं नाव हाय. टँकर त्योच हाय, फक्त नारळ फोडायला अण्णा येत न्हाईत."